नानांची पॉवर ऑफ अॅटर्नी : एक प्रकरण अभ्यास

मी पुण्यात वकिली करते. मिळकतीचे दस्त, वारस, मृत्युपत्रे हेच माझे रोजचे काम. पुढचे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, जागा, रकमा आणि तारखा बदलल्या आहेत, पण घटनांचा क्रम आणि कायद्याची अडचण जशी होती तशीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. राहते घर कोथरूडला, शिवाय वडगाव बुद्रुकला एक वन बीएचके, भाड्याने दिलेला. मुलगा पुण्यातच, मुलगी अमेरिकेत. घरात तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

२०१९ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी नानांनी मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजेच पॉवर ऑफ अॅटर्नी, करून दिले. दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर नोंदवलेले. मोबदला न घेता मुलाला दिलेले असल्यामुळे मुद्रांक शुल्क ५०० रुपयेच लागले. हेच पत्र लांबच्या नातेवाइकाला किंवा परक्या माणसाला विक्रीच्या अधिकारासह दिले असते, तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतके शुल्क लागले असते.

पत्रात अधिकार भरपूर होते. वडगावचा फ्लॅट भाड्याने देणे, भाडे घेणे, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर भरणे, वीज मंडळात आणि महापालिकेत अर्ज करणे, आणि गरज पडल्यास तो फ्लॅट विकून खरेदीखतावर सही करणे. शेवटी टंकलेखकाने एक वाक्य घातले होते : ‘मी आजारी पडलो अथवा अंथरुणाला खिळलो तरी हे कुलमुखत्यारपत्र अंमलात राहील.’ हे वाक्य वाचून घरातले सगळे निर्धास्त झाले.

जुलै २०२२ मध्ये नानांना पहिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. चहात साखर जास्त झाली तर कप बाजूला सारायचे, वर्तमानपत्र डाव्या हाताने पुढे ओढून घ्यायचे, विचारलेल्या प्रश्नाला मान हलवून बरोबर उत्तर द्यायचे. नोव्हेंबरमध्ये दुसरा झटका आला. त्यानंतर डोळे उघडे असायचे, पण समोर कोण आहे हे त्यांना कळत नसे.

अडचण

दिवसरात्रीच्या दोन मावश्या, नळीतून जेवण, फिजिओथेरपी, औषधे मिळून महिन्याला पंचाहत्तर हजारांच्या घरात खर्च जाऊ लागला. पेन्शन त्याच्या निम्म्यावर. नानांच्या एकट्याच्या नावावर नऊ लाखांच्या एफडी होत्या, नॉमिनी मुलगा. बँकेने सांगितले की नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरचा, हयातीत त्याला ठेव मोडता येत नाही. ते बरोबरच होते.

मग वडगावचा फ्लॅट विकायचे ठरले. बासष्ट लाखांना गिऱ्हाईक मिळाले. डिसेंबरमध्ये मुलाने विसारपावती केली आणि पाच लाख रुपये घेतले. घेणाऱ्याचे गृहकर्ज मंजूर होत आले, तेव्हा त्याच्या बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी दोन कागद मागितले : नाना हयात असल्याचा दाखला आणि कुलमुखत्यारपत्र अंमलात असल्याचे घोषणापत्र.

हे घोषणापत्र महाराष्ट्रात दस्त नोंदवताना कुलमुखत्यार म्हणून सही करणाऱ्याला द्यावेच लागते. पत्र रद्द झालेले नाही, लिहून देणारा मयत नाही आणि अन्य कोणत्याही कारणाने ते पत्र निष्प्रभ झालेले नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. खोटे ठरले तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बहुतेक लोक ते न वाचताच सही करतात. नानांच्या मुलाने वाचले. ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या शब्दांवर तो अडला आणि कागद घेऊन माझ्याकडे आला.

त्याला द्यावे लागलेले उत्तर असे. कुलमुखत्यार हा कायद्याच्या भाषेत एजंट. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २०१ नुसार, ज्याने अधिकार दिला तो माणूस वारला किंवा त्याचे मन विकल झाले, की एजन्सी संपते. कुलमुखत्याराचा हात म्हणजे मालकाचाच लांब केलेला हात. मालकाला जे करण्याची समज उरलेली नाही, ते त्याच्या वतीने दुसराही करू शकत नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद केला असे घरच्यांना वाटत होते, नेमका त्याच दिवशी त्यातला जीव गेला होता.

टंकलेखकाच्या त्या वाक्याचे काय? ताईंनी फोनवर सांगितले की अमेरिकेत ‘ड्युरेबल’ पॉवर ऑफ अॅटर्नी असते आणि ती मालकाची समज गेल्यावरही चालू राहते. तिथे ते खरे आहे, कारण तिथल्या कायद्यात तशी तरतूद आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही आणि पत्रात वाक्य घालून कलम २०१ बाजूला सारता येत नाही. फ्लॅटला गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालाने आणखी एक तोडगा सुचवला होता : पत्रावर ‘अपरिवर्तनीय’ असा शब्द असता तर ते संपले नसते. तेही अर्धवट ऐकीव. कलम २०२ मध्ये अपवाद आहे तो कुलमुखत्याराचा त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध असेल तेव्हाचा, उदाहरणार्थ त्याचे येणे त्या मिळकतीच्या विक्रीतून फिटायचे असेल तर. बापाचा फ्लॅट सांभाळणाऱ्या मुलाचा असा हितसंबंध नसतो.

आजारपणाने पत्र संपते असे मात्र कोणी समजू नये. लुळा पडलेला, बोलता न येणारा, अंथरुणाला खिळलेला माणूस व्यवहार समजून त्याचे आपल्यावर काय परिणाम होतील हे ठरवू शकत असेल, तर कायद्याने त्याचे मन शाबूत आहे. करार अधिनियमाच्या कलम १२ ची कसोटी हीच. जुलै ते नोव्हेंबर या चार महिन्यांत नाना तसे होते आणि पत्र पूर्ण जिवंत होते. त्या चार महिन्यांत फ्लॅट विकला गेला असता तर हे प्रकरण माझ्यापर्यंत आलेच नसते.

समोर असलेले पर्याय

सोपा मार्ग म्हणजे घोषणापत्रावर सही करून मोकळे होणे. मुलाच्या मनात तो होताच, आणि मला त्याचा राग आला नाही. बापाच्या औषधासाठी बापाचाच फ्लॅट विकायचा होता. पण कलम ८२ बाजूला ठेवले तरी तो व्यवहार टिकला नसता. एजन्सी संपल्याचे तिऱ्हाईताला माहीत नसेल तर करार अधिनियमाचे कलम २०८ त्याला संरक्षण देते. इथे घेणारा पेढे घेऊन कोथरूडच्या घरी आला होता, नानांच्या खाटेशी उभा राहिला होता. मला माहीत नव्हते, असे तो कधीच म्हणू शकला नसता.

दुसरा विचार अंगठ्याचा. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवतात. अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यायचे आणि गृहभेटीची फी भरायची. नाना सही करू शकत नव्हते, पण डाव्या हाताचा अंगठा उठवता आला असता. मी स्वतः त्यांना भेटायला गेले. उशाशी बसून विचारले, ‘नाना, वडगावचा फ्लॅट विकायचा का?’ त्यांची नजर पंख्यावर. मी मुलाचे नाव घेऊन विचारले, हा कोण? नजर हलली नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझे बोट घट्ट धरले. मुलगा लगेच म्हणाला, ‘बघा, त्यांना कळतंय.’ त्याला तसे वाटणे मी समजू शकते. पण हात धरणे म्हणजे संमती नव्हे. दस्त करून देणारा विकल मनाचा दिसला, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे निबंधकाने नोंदणी नाकारायची असते. असा अंगठा घ्यायला मी नाही म्हटले.

घेणाऱ्याने मग आपला तोडगा काढला : खरेदीखत राहू दे, उरलेले पैसे घ्या आणि मुलाने माझ्या नावे नवी पॉवर करून द्यावी. जो अधिकार मुलाकडे उरला नव्हता तो पुढे देता येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की पॉवर ऑफ अॅटर्नीच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही.

उरला न्यायालयाचा मार्ग, आणि इथे कायद्यात मोठी फट आहे. अज्ञान मुलांसाठी पालक नेमणारा कायदा आहे. नॅशनल ट्रस्ट अधिनियम १९९९ खाली स्थानिक समिती पालक नेमते, पण तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ चा नवा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला, त्यात ती उरली नाही. झटक्याने समज गेलेल्या प्रौढ माणसासाठी साधासरळ अर्ज करावा असे कार्यालयच नाही. म्हणून अशी कुटुंबे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमले. आम्ही त्याच वाटेने जायचे ठरवले.

काय केले

आधी विसार परत केला. पाच लाखांतले तीन लाख खर्च झाले होते, ते मुलाने स्वतःच्या बचतीतून घातले. घेणारा चिडला, पण नुकसानभरपाईसाठी भांडत बसला नाही. विसारपावती रद्द केल्याचे दोघांच्या सहीने लिहून घेतले.

त्यानंतर हिशेब. हा भाग मुलाला सर्वांत जड गेला. २०१९ पासून वडगावचे भाडे त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात येत होते. त्याच खात्यातून त्याच्या गाडीचा हप्ता जायचा, नानांची औषधेही जायची. ताईंनी हिशेब मागितला तेव्हा तो दुखावला गेला. ‘मी रात्ररात्र जागतो आणि तिला पावत्या हव्यात,’ असे तो माझ्या कार्यालयात म्हणाला. मी त्याला सांगितले की इथे ताईंवर विश्वास किंवा अविश्वास हा मुद्दा नाही. मागताक्षणी हिशेब देणे हे कलम २१३ खाली कुलमुखत्याराचे कर्तव्य आहे, आणि उच्च न्यायालयही तोच हिशेब मागेल. दोन रविवार बसून त्याने बँकेची स्टेटमेंट आणि औषधांची बिले जुळवली. हिशेब लागला तेव्हा निघाले की भाड्यातून आले त्यापेक्षा त्याने नानांवर जास्तच खर्च केला होता. ताईंचा सूर त्या दिवसापासून बदलला.

या खर्चाबद्दल मला ठासून सांगायचे आहे. समज गेलेल्या माणसाला त्याच्या गरजेच्या वस्तू आणि सेवा कोणी पुरवल्या, तर त्याची भरपाई त्या माणसाच्या मिळकतीतून मागता येते. करार अधिनियमाचे कलम ६८. त्यामुळे घरच्यांनी पदरचे पैसे घातले तरी पावती जपून ठेवावी. मावशींना रोख पगार दिला तर वहीत त्यांची सही घ्यावी.

मधल्या काळात भाड्याचे काय करायचे हाही प्रश्न होता. दुसरा झटका सकाळी नऊच्या सुमारास आला होता आणि त्याच वेळी मुलगा वडगावात भाडेकरूच्या नव्या लिव्ह अँड लायसन्सवर नानांतर्फे सही करत होता. त्याला फोन आला तो साडेदहाला. तो करार टिकला, कारण एजन्सी संपल्याचे एजंटला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो शेवट लागू होत नाही. मुखत्यारपत्र अधिनियम १८८२ चे कलम ३ सुद्धा माहिती नसताना सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल त्याला जबाबदार धरत नाही. पुढचे भाडे घेणे, मेंटेनन्स भरणे, गळका पाइप दुरुस्त करणे हे त्याने चालू ठेवले. अधिकार संपल्यावरही सोपवलेल्या मिळकतीचे जतन करण्याची जबाबदारी करार अधिनियमाचे कलम २०९ त्याच्यावर टाकते. फक्त भाडे आता वेगळ्या खात्यात जमा होऊ लागले. जतन करता येते, विकता येत नाही, ही रेषा आम्ही काटेकोर पाळली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याचिका दाखल केली. अर्जदार मुलगा, आणि ताईंचे संमतीचे प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मागवले. न्यायालयाने सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून घेतली आणि महसूल अधिकाऱ्यांकडून घर, वारस आणि मिळकत यांचा अहवाल मागवला. तलाठी घरी आले तेव्हा नाना झोपले होते. ते पायरव न करता उभे राहिले, खाटेशेजारची औषधांची यादी उतरवून घेतली आणि गेले.

निष्पत्ती

आदेश ऑगस्टमध्ये झाला. मुलगा नानांच्या मिळकतीचा पालक. अटी अशा : एफडीचे आणि विक्रीचे पैसे पालक म्हणून उघडलेल्या स्वतंत्र खात्यात, फ्लॅटची विक्री सरकारमान्य मूल्यनिर्धारकाच्या किमतीखाली नाही, दर तीन महिन्यांनी हिशेब विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि त्याची एक प्रत ताईंना, कोथरूडच्या घराला हात लावायचा नाही.

आदेशाची प्रत घेऊन आम्ही बँकेत गेलो, आठवड्याभरात एफडी मोकळ्या झाल्या. फ्लॅट डिसेंबरमध्ये साडेसाठ लाखांना गेला, पहिल्या गिऱ्हाइकापेक्षा दीड लाखाने कमी. त्यात याचिकेचा खर्च धरला तर उशिराची किंमत चार लाखांच्या आसपास पडली. खरेदीखतावर मुलाने सही केली ती पालक म्हणून, न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक घालून.

नाना ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्या दिवशी पालकत्वही संपले. मुलाने चौथ्या दिवशी विचारले की दवाखान्याचे शेवटचे बिल त्या खात्यातून भरू का. मी नाही म्हटले. ते त्याने स्वतः भरले आणि नंतर वारसांच्या हिशेबात धरले. मृत्युपत्र नव्हते. खात्यात उरलेली रक्कम आणि कोथरूडचे घर भाऊ-बहिणीत निम्मे-निम्मे आले.

आज असे प्रकरण आले तर

मी सर्वांत जास्त विचार करते तो त्या चार महिन्यांचा. पहिला झटका येऊन गेल्यावर, समज शाबूत असताना, घरच्यांनी मला विचारले असते तर मी त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडून एक लेखी टिपण घेतले असते : रुग्णाला बोलता येत नाही, पण विचारलेले समजते आणि होकार-नकार सुसंगत देतो. त्या टिपणाच्या जोरावर गृहभेटीत नानांनी स्वतःच खरेदीखत करून दिले असते, किंवा मुलाने कुलमुखत्यार म्हणून. ते थांबले, कारण त्यांना वाटले पॉवर आहेच, घाई कशाला. या खोट्या आधाराने त्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणी माणसाने केले नाही.

२०१९ सालीच काय करता आले असते? एफडी मुलगा आणि नाना अशा दोघांच्या नावाने, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून, मुदतीआधी मोडण्याची लेखी संमती बँकेला देऊन ठेवता आली असती. नऊ लाखांनी पहिले वर्ष निभावले असते आणि फ्लॅट घाईने काढावा लागला नसता. फ्लॅटसाठी नाना हयातीतच खासगी न्यास करू शकले असते, ज्यात मुलगा-मुलगी विश्वस्त आणि नाना स्वतः लाभार्थी. न्यास मालकाची समज गेल्याने संपत नाही. मात्र एका वन बीएचकेसाठी तेवढे मुद्रांक शुल्क आणि कागदपत्र झेपते का, हे प्रत्येक घराला वेगळे मोजावे लागते. बक्षीसपत्र करावे असे मी सहसा सुचवत नाही, कारण त्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातातून छत निघून जाते.

माझीही एक चूक सांगते. सुरुवातीला मी फक्त मुलाचे ऐकून कामाला लागले, ताईंना पहिला फोन तीन आठवड्यांनी केला. तोवर त्यांनी तिकडे एका वकिलाला नोटिशीचा मसुदा करायला सांगितले होते. आता अशा कामात दुसऱ्या दिवशीच सगळ्या भावंडांशी एकत्र बोलते.

कोथरूडच्या घरातल्या आपल्या निम्म्या हिश्शासाठी ताईंनी यंदा भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले. दूतावासात साक्षांकित करून पाठवले, आणि परदेशातून आलेल्या दस्तावर तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते म्हणून आम्ही ते लगेच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे नेले. पत्रात विक्रीचा अधिकार आहे, बक्षीस देण्याचा नाही, आणि किमतीला ताईंची लेखी मंजुरी लागेल अशी अट आहे. मसुदा वाचून ताईंनी एकच प्रश्न विचारला : ‘मला काही झालं तर हा कागद चालेल का?’ मी सांगितले, समज आहे तोवर चालेल. त्यांनी घर याच वर्षी विकायचे ठरवले.